गिरणीच्या गोष्टी आणि मागच्या शेडमधले चार माग: स्मरणरंजनाचं एक प्रकरण

तक्रार घरच्यांची होती. अप्पांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. मुलगा म्हणाला, "दिवसभर गिरणीतच असतात ओ. बसलेले असतात आमच्यासमोर, पण असतात तिथं." सुनेची काळजी वेगळी होती. तिच्या माहेरी एका आजोबांना विसरण्याचा आजार झाला होता आणि त्याची सुरुवात अशीच, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगण्याने झाली होती. "मामांनाबी तसंच व्हायलंय का, एवढं सांगा," असं तिने येताक्षणी विचारलं. अप्पांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पहिल्या भेटीत तोंड उघडलं नाही.

अप्पा ६८ वर्षांचे. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि घराचे काही तपशीलही बदलले आहेत. लिहायला घरच्यांची परवानगी आहे. अठराव्या वर्षी ते बदली कामगार म्हणून सोलापुरातल्या एका कापड गिरणीत लागले, पुढे विणाई खात्यात कायम झाले. १८७०च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिल्यापासून या शहराचा दिवस भोंग्यावर चालायचा. नव्वदच्या दशकात एकेक भोंगा बंद पडत गेला, त्यात अप्पांची गिरणीही गेली. तेव्हा ते चाळिशीच्या अलीकडे होते. मग त्यांनी पूर्व भागातल्या आपल्या घरामागे पत्र्याची शेड घातली, चार जुने यंत्रमाग घेतले आणि चादरी विणायला सुरुवात केली. सोलापुरात याला कारखानाच म्हणतात, माग चार असोत की चाळीस. गेल्या दोन वर्षांत तो कारखाना जवळपास थांबला आहे. मुलगा आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे.

पहिल्या भेटीत मी फॉर्म भरत खाली मान घालून विचारलं, "साखर पेठेतच राहता ना?" अप्पा म्हणाले, "नाही, साखर नाही मला. बीपी आहे."

मुलाने सुनेकडे पाहिलं. हेच ते, असं दोघांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून, जरा सावकाश, तोच प्रश्न पुन्हा विचारला. "हां, साखर पेठ! जन्म तिथलाच," ते म्हणाले. मग तारीख, वार, काल रात्री काय जेवले, यंदाच्या सिद्धेश्वर यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, कोण कोण पाहुणे आले होते, सगळं त्यांनी बिनचूक सांगितलं. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तिन्ही आले. घड्याळ काढायला सांगितलं, ते नीट काढलं. अशा छोट्या चाचण्यांनी स्मृतिभ्रंश नाहीच असं शंभर टक्के म्हणता येत नाही. पण त्या आजारात आधी नवं निसटतं, जुनं टिकून राहतं. अप्पांचं नवं जागेवर होतं. जे निसटत होतं ते कानातून.

नैराश्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो, पीएचक्यू-९. तिचे जास्तीत जास्त गुण २७. अप्पांचे ११ आले, म्हणजे मध्यम पातळी. झोप तुटक, जेवणावर मन नाही, कशात गोडी नाही. जगणं नकोसं होण्याबद्दलचा प्रश्न मी वेगळा, स्पष्ट शब्दांत विचारला. तसं काही नव्हतं.

आता मूळ मुद्दा. माणूस जुन्या आठवणीत रमतो हा आजार आहे का? एके काळी तसंच मानत. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये आपल्या प्रबंधात या अवस्थेला 'नॉस्टॅल्जिया', म्हणजे आपलं स्मरणरंजन, हे नाव दिलं, तेव्हा तो ती एक व्याधी म्हणूनच मांडत होता. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांत त्याने ती पाहिली होती. अप्पांच्या घरात आजही नेमकी तीच धारणा होती: गोष्टी कमी झाल्या की माणूस बरा. म्हणून घरात नियम झाला होता. अप्पांनी "आमच्या गिरणीत" म्हटलं की मुलगा म्हणायचा, "पुन्हा नको, अप्पा." नातवालाही सांगून ठेवलं होतं की आज्जाला गिरणीचं काही विचारायचं नाही. याचा परिणाम असा झाला की गोष्टी कमी झाल्या नाहीत, ऐकणारे कमी झाले.

गेल्या वीस वर्षांतलं संशोधन या धारणेच्या उलट बाजूला झुकतं. २००६ साली टिम विल्डशूट, कॉन्स्टंटाईन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून अशा आठवणी लिहून घेतल्या. त्यात दिसलं की या आठवणींत माणूस स्वतः मध्यभागी असतो, पण एकटा नसतो, भोवती जवळची माणसं असतात. गोष्ट बहुधा अडचणीतून बऱ्याकडे जाते. आणि अशी आठवण काढल्यावर आपण कुणाचे तरी आहोत, आपली काही किंमत आहे, ही जाणीव वाढते. या आठवणी येतात कधी, तर बऱ्याचदा मन खाली गेलेलं असताना, एकटं वाटत असताना. दुखऱ्या जागी हात आपोआप जावा तसं मन तिकडे जातं.

हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, कारण घरचे नेमके इथे फसतात. "उदास झाले की गिरणी काढतात" हे निरीक्षण बरोबर असलं तरी त्यातून पळ काढणं सिद्ध होत नाही. सावरणारी आठवणही उदासीतूनच निघते. फरक आठवणीच्या आधी काय झालं यात पूर्ण दिसत नाही. आठवण कशाची आहे यात तर तो जवळपास दिसतच नाही. तो दिसतो आठवण संपल्यावरच्या अर्ध्या तासात.

म्हणून मी सुनेला एक वही घालायला सांगितली. ती शिवणकाम करते, दिवसभर घरात असते आणि तिची नजर बारीक आहे. वहीत तीन रकाने: गोष्ट सुरू होण्याआधी घरात काय चाललं होतं, अप्पांनी काय सांगितलं, आणि नंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी काय केलं. मत लिहायचं नाही, "कंटाळा आणला" असं लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. अप्पांना हे माहीत होतं. त्यांच्या चोरून काही करायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

एका आठवड्याची ती वही या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. त्यातल्या तीन नोंदी देते.

मंगळवार, संध्याकाळ. मुलगा कामावरून आला, चहा घेता घेता म्हणाला, "अप्पा, भंगारवाला परत येऊन गेला. या महिन्यात काय ते सांगा, शेड गोडाऊनला मागायलेत." अप्पांनी गिरणीत पहिल्या वर्षी एका जुन्या विणकराने त्यांना धाग्याची गाठ कशी शिकवली ते सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगितलं. मुलगा उठून गेला. नंतर: अप्पा न जेवता झोपले. रात्री दोनदा उठले.

गुरुवार, दुपार. वीज गेली होती. नातू शाळेतून लवकर आला, त्याचा पतंगाचा मांजा तुटला होता. त्याने आज्जाकडे नेला. अप्पांनी त्याला विणकराची गाठ घालून दाखवली आणि तीच गोष्ट सांगितली, तोच जुना विणकर, तीच पाळी. नंतर: नातवाकडून पंधरा-वीस गाठी घालून घेतल्या. त्याला शाळेचं विचारलं. दोन भाकऱ्या जेवले. संध्याकाळी आपण होऊन मंडईत गेले.

रविवार. काकूंच्या माहेरचे सातआठ जण जेवायला. टीव्ही चालू, पंखा चालू, सगळे एकदम बोलताहेत. अप्पांनी कुणीही काही विचारलेलं नसताना भोंग्याची गोष्ट काढली, मोठ्या आवाजात, मध्ये न थांबता. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. नंतर: अप्पा उठून मागच्या शेडमध्ये गेले, बंद मागाशेजारी स्टुलावर बसून राहिले. हाक मारली तरी आले नाहीत.

पहिल्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. आठवण शब्दशः एक आहे. गुरुवारी ती त्यांना नातवाकडे, जेवणाकडे, मंडईकडे घेऊन गेली. मंगळवारी तिने एक प्रश्न बंद केला, आणि तो प्रश्न बंद झाल्यावरही त्यांना झोप लागली नाही. सांत्वन मिळालं असतं तर झोप लागली असती. टाळण्याची खूण हीच आहे: त्या क्षणापुरती सुटका होते, मागाहून शिण वाढतो, आणि ज्यापासून सुटका हवी होती ते उद्या तिथेच, थोडं मोठं होऊन बसलेलं असतं. सुटका लगेच मिळते म्हणून मन पुन्हा तोच रस्ता धरतं.

ती गाठही सांगण्यासारखी आहे, कारण अप्पांचं कौशल्य त्यात दिसतं. साधी गाठ मारली की धाग्यावर गोळा तयार होतो आणि तो फणीच्या दातांत अडकून धागा परत तुटतो. विणकराच्या गाठीत एका टोकाचा फास करून दुसरं टोक त्यातून फिरवून आत घेतात, आणि ओढली की ती चपटी बसते. चालत्या मागावर तीच लागते. अप्पा ती डोळे मिटून, एका हाताच्या तीन बोटांत घालतात. माझ्यासमोर घालून दाखवली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यातला काळ बदलला. "असं धरायचो" वरून ते "असं धरायचं" वर आले.

कान

रविवारच्या नोंदीचं उत्तर मनात शोधण्याआधी कानात शोधायला हवं होतं. तपासणीत दोन्ही कानांना वरच्या पट्टीचं कमी ऐकू येतं असं निघालं. आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानाची ही ओळखीची खूण आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. ८५च्या पुढे रोजचे आठ तास म्हणजे कानाला धोका धरतात. अप्पांनी गिरणीत वीस वर्षं आणि घरामागे पंचवीसहून जास्त वर्षं त्यात काढली, कानात काही न घालता.

अशा बहिरेपणात आवाज येतो, शब्द फुटत नाहीत. स, श, फ, थ, ख यांसारखी अक्षरं वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. एकटा माणूस समोर बसून बोलला तर ओठांवरून भागतं. आठ जण, टीव्ही आणि पंखा एकत्र आले की नुसता गलबला. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात: दर वाक्याला "काय?" म्हणायचं, किंवा आपणच बोलत राहायचं. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकावं लागत नाही. गिरणीची गोष्ट अप्पांना तोंडपाठ होती. ती चालू आहे तोवर कुणाचा प्रश्न निसटण्याची भीती नव्हती.

माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या "जुन्यात रमण्या"चा विचार करताना कान, डोळे आणि गुडघे आधी तपासावेत. वर्तमानात शिरायचा दरवाजाच जड झाला असेल तर माणूस भूतकाळात बसतो, आणि आपण त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतो.

श्रवणयंत्र आलं, पण ते चष्म्यासारखं लावलं की झालं असं नसतं. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज अंगावर येतो, स्वतःचा आवाज परका वाटतो, आणि गर्दीत तर यंत्र गलबलाही मोठा करतं. अप्पांनी दोनदा काढून कपाटात ठेवलं. मग ठरवलं की सकाळी फक्त एक तास, शांत खोलीत, काकूंशी बोलताना लावायचं आणि हळूहळू वाढवायचं. घरच्यांना दोन गोष्टी सांगितल्या: समोर येऊन बोला, आणि जेवताना टीव्ही बंद. यातली दुसरी गोष्ट मुलाला सगळ्यात जड गेली.

जी वर्षं गोष्टीत येत नाहीत

कानाने रविवार सुटला, मंगळवार सुटला नाही.

अप्पांच्या गोष्टी मी सुरुवातीपासून टिपत होते, आणि त्यात एक गोष्ट ठळक दिसत होती. सगळ्या गोष्टी अठरा ते तीस या वयातल्या. यात तसं नवल नाही. उतारवयात आयुष्य आठवायला सांगितलं की साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त वर येतं, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल सगळं तिथेच असतं. पण अप्पांच्या गोष्टी त्या वयाच्या टेकाडावरून उतरतच नव्हत्या. भोंगा वाजायचा, पाळ्या बदलायच्या, होळीला खात्यात काय धमाल, गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजाची मिरवणूक बघायला कोण कुणाची पाळी घ्यायचा, आणि मग एकदम आजचा दिवस. गिरणी बंद पडली ते वर्ष नाही. त्यानंतरचं वर्ष नाही. चार माग कसे आले, ते तर नाहीच.

माणूस किती आठवतो यापेक्षा तो कुठून वळसा घालतो ते मला जास्त सांगून जातं. २०११ साली आरती अय्यर आणि योलांडा येटेन यांनी घर सोडून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांवर केलेलं काम इथे उपयोगी पडतं. ज्यांना आपण पूर्वीचेच आहोत, धागा अखंड आहे असं वाटत होतं त्यांना जुन्या आठवणींनी बळ दिलं. ज्यांचा धागा तुटला होता त्यांना त्याच ओढीने नव्या जागेत रुजणं अवघड केलं. अप्पांचा धागा नेमका गिरणीच्या फाटकापाशी तुटलेला होता, आणि ते रोज त्याच्या अलीकडच्या टोकाला हात लावून परत येत होते.

म्हणून आम्ही गोष्टी थांबवल्या नाहीत, पुढे नेल्या. "तेव्हा कसं होतं?" हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्याचं उत्तर सोनेरीच येतं. त्याऐवजी विचारू लागले, "तेव्हा अडचण काय होती आणि तुम्ही काय केलंत?" पॉल वाँग आणि लिसा वॅट यांनी १९९१ साली म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचे प्रकार वेगळे केले होते. त्यात नीट म्हातारपण काढणाऱ्यांकडे दोन प्रकार जास्त आढळले: आपलं आयुष्य जसं झालं तसं स्वीकारून जुळवणाऱ्या आठवणी, आणि पूर्वी अडचणीतून वाट कशी काढली ते आठवून आज वापरणं. मला अप्पांकडून हा दुसरा प्रकार हवा होता.

पहिल्यांदा बदली कामगाराची वर्षं आली. पहाटे फाटकावर जाऊन उभं राहायचं, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी. मग कापसाची तूस छातीत जाऊन आलेला खोकला. मग रात्रपाळीत झोप लागून बोट जाता जाता वाचलं ते. हे सांगताना ते खचले नाहीत, उलट ताठ बसले. गिरणी वाईट होती असं त्यांच्या तोंडून काढून घेण्याचा हेतू नव्हता. ज्याची चांगली आठवणच त्याचा आधार आहे, त्याचा आधार ओढून घेणं क्रूरपणाचं आहे. पण कष्टासकट आठवलेली गिरणी आजच्या दिवसाच्या जवळ असते. नुसती सोनेरी गिरणी आजच्या प्रत्येक दिवसाला कमी ठरवते.

मग एका भेटीत काकू बरोबर होत्या. मी विचारलं, "अप्पा, गिरणी बंद झाली त्या दिवसापासून माग घरी आले तोपर्यंत मधे काय झालं?"

ते गप्प बसले. मी यंत्र चालू आहे ना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "ऐकू आलं."

मग हळूहळू निघालं. गिरणी बंद झाल्यावरही ते काही महिने रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन फाटकाशी जाऊन बसत होते. तिथे त्यांच्यासारखे बरेच होते. आज उघडेल, उद्या उघडेल. घरात उसनवारी चालू होती. शेवटी कुणीतरी बंद पडलेल्या कारखान्याचे चार माग स्वस्तात असल्याचं सांगितलं, आणि काकूंच्या पाटल्या मोडून ते घेतले. "वर्षभरात परत करून देतो म्हणालो होतो हिला," अप्पा म्हणाले. "आता भंगारात काढायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मुलगा दीड वर्षं ज्याला चार टन लोखंड समजत होता, ते अप्पांच्या हिशेबात न फिटलेलं देणं होतं. माग उभे आहेत तोवर वर्ष संपलेलं नाही, शब्द मोडलेला नाही. आणि ही गोष्ट सांगायची तर फाटकाशी रिकामा डबा घेऊन बसलेला माणूसही सांगावा लागतो. म्हणून गोष्ट भोंग्यापाशी थांबायची.

काकू पहिल्यांदाच सलग बोलल्या. "पाटल्यांचं मी कधी काढलं का? मला पाटल्या नको होत्या. तुम्ही त्या फाटकावरनं उठून घरी यावं एवढंच पाहिजे होतं. माग आणले त्या दिवशी आलात. माझं तेव्हाच फिटलं." त्या समोर बसून, सावकाश बोलल्या. तेवढं त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. अप्पा त्या आठवड्यात कुणाशीच फार बोलले नाहीत, गिरणीचंही नाही. मुलाला वाटलं बिघडलं. मला उलट वाटत होतं, पण वहीतल्या तिसऱ्या रकान्यावर लक्ष ठेवायला सांगितलं: जेवण, झोप, घराबाहेर पडणं. जेवण टिकून होतं. झोप सुधारली.

मागांचा निर्णय आम्ही एका झटक्यात मागितला नाही. टाळाटाळ मोडायची तर काम इतकं लहान करावं लागतं की ते टाळण्याचं कारण उरू नये. पहिल्या आठवड्यात फक्त शेडचं कुलूप काढून झाडलोट. दुसऱ्या आठवड्यात चारही मागांचे कोणते सुटे भाग चालण्यासारखे आहेत त्याची यादी, अप्पांच्या तोंडून, नातवाच्या हाताने लिहिलेली. तिसऱ्या आठवड्यात भंगारवाल्याशी भाव करणं, आणि ते मुलाने नाही, अप्पांनी. इथे त्यांचं खरं ज्ञान कामाला आलं. भंगाराच्या भावात जाणारे धोटे, फण्या, गिअर असे भाग त्यांनी बाजूला काढून अजून धोट्याचे माग चालवणाऱ्या दोन कारखानदारांना विकले. मुलाला हे सुचलंच नसतं.

तीन माग गेले. चौथा त्यांनी द्यायला नकार दिला, आणि तो नकार मी पळवाट धरला नाही. त्यांनी कारण सांगितलं, जागा मोजून दाखवली, गोडाऊनचं भाडं किती कमी येईल ते स्वतः मान्य केलं. जो माणूस किंमत मोजून नाही म्हणतो, तो टाळत नाही. मुलगा यावर खूश नाही. त्याला पूर्ण शेड हवी होती आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

चार महिन्यांनी पीएचक्यू-९चे गुण ६ होते. गिरणीच्या गोष्टी अजून चालू आहेत, संख्येने फारशा कमी नाहीत. पण सुनेच्या नव्या वहीत त्या बहुतेक कुणाच्या तरी प्रश्नावर सुरू होतात आणि त्यात गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षंही येतात. दोन जुने सोबती दर आठवड्याला कन्ना चौकात चहाला भेटतात, त्या दिवशी गोष्टी सर्वाधिक असतात आणि त्याच संध्याकाळी ते सगळ्यात जास्त बोलके असतात. गर्दीत मात्र जुनं वळण अजून येतं. गड्ड्यात नातवाला घेऊन होम मैदानावर गेले, पाळणे आणि कर्ण्यांच्या गोंगाटात यंत्र काढून खिशात टाकलं आणि तासाभरात परत आले. त्या रात्री पुन्हा भोंग्याची गोष्ट झाली. ते मी बिघाडात धरलेलं नाही. नंतर जेवले आणि झोपले.

हीच पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. बास फेरप्लांकेन यांनी २०१२ साली दाखवलं की ज्यांना सतत काळजी करण्याची सवय आहे, त्यांना जुन्या आठवणीने आधी बरं वाटतं पण नंतर चिंता आणि उदासी वाढते, कारण तेव्हाच्या निश्चिंतपणाशी आजची तुलना सुरू होते. अशा माणसाला आठवणी खोलात सांगायला लावण्याआधी काळजीवर काम करावं लागतं. जोडीदार जाऊन वर्ष उलटलं तरी ओढ तसूभर कमी नसेल आणि रोजचे व्यवहार बंद असतील, तर तो शोकाचा वेगळा प्रश्न आहे. कालचं जेवण, आजचा वार, घरचा रस्ता चुकू लागला असेल तर आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जायला हवं. अप्पांच्या सुनेला मी हे सगळं सांगितलं आहे, आणि सहा महिन्यांनी स्मरणाची तपासणी पुन्हा करायची असं ठरलं आहे.

मुलाला पुण्यातून नोकरी आली आहे. ती बातमी अप्पांना त्याने समोर बसून, टीव्ही बंद करून सांगितली. अप्पांनी गिरणी काढली नाही. पगार किती, खोलीचं भाडं किती, नातवाची शाळा कुठली, हे तीन प्रश्न विचारले आणि दोन दिवस मागून घेतले. पुढच्या भेटीत तोच विषय आहे.